मॅचच्या व्हिडिओसह हंगामाअखेरचं पत्र: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

नाशिकमधल्या आमच्या तेरा वर्षांखालच्या टीमच्या पालकांना हंगाम संपला की मी प्रत्येक मुलामुलीसाठी वेगळं पत्र पाठवतो. पत्र मिळालं की फोन आणि मेसेज सुरू होतात आणि बरेचसे प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. सर, या पत्रात नेमकं काय असतं?

साधारण दीड पानाचा मजकूर, सहा छोट्या क्लिप आणि एक यादी. मजकुरात तुमच्या मुलाने या हंगामात एका ठरावीक गोष्टीत काय बदल केला ते लिहिलेलं असतं. क्लिप जोडीने असतात, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीचा एक प्रसंग आणि तसाच हंगामाच्या शेवटचा एक. यादीत मी मोजलेल्या प्रत्येक प्रसंगाची वेळ असते: कुठली मॅच, कुठला हाफ, कितवं मिनिट. कोणाला पडताळून पाहायचं असेल तर पूर्ण मॅचचा व्हिडिओ उघडून त्या वेळेवर जाता येतं.

मुलाच्या सगळ्या खेळाचं प्रगतिपुस्तक हे नाही. मी एकच गोष्ट निवडतो आणि तीच नीट पाहतो. मिडफिल्डमधल्या आणि डिफेन्समधल्या मुलांसाठी ती बहुतेक वेळा हीच असते: बॉल पायाशी येण्याआधी त्याने आजूबाजूला पाहिलं का, आणि मग बॉलचं काय झालं.

२. गोल किती केले, असिस्ट किती, हे का लिहीत नाही? आजी-आजोबा तेच विचारतात.

या वयात गोलची संख्या मुलाबद्दल फार कमी सांगते. समोरची टीम दुबळी असेल तर एका सकाळी चार गोल होतात, तगडी असेल तर तोच मुलगा जास्त चांगलं खेळूनही रिकाम्या हाताने परततो. शिवाय गोल फार थोडे होतात. पूर्ण हंगामात एखाद्या मुलाचे पाच झाले आणि गेल्या हंगामात तीन होते, एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

बॉल मिळण्याचे प्रसंग मात्र प्रत्येक मॅचमध्ये पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे तिथे झालेला बदल दिसतो आणि मुलाला तो स्वतःच्या हातात असलेला वाटतो. आजी-आजोबांना क्लिपची जोडी दाखवा. पहिली आणि दुसरी एकापाठोपाठ पाहिली की फुटबॉल न खेळलेल्या माणसालाही फरक कळतो.

३. ‘आधी पाहिलं’ म्हणजे काय? आणि ते व्हिडिओत कसं मोजता?

ग्राउंडवर आम्ही ‘शोल्डर चेक’ म्हणून ओरडतो तेच. बॉल अजून दुसऱ्याकडे आहे किंवा पास निघाला आहे, तेवढ्यात मुलगा बॉलवरची नजर काढून मान वळवतो, मागे किंवा बाजूला कोण आहे ते टिपतो आणि परत बॉलकडे पाहतो. सगळं मिळून जेमतेम एक सेकंद. नॉर्वेचे संशोधक गेर यॉर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांचे असेच व्हिडिओ तपासले होते. बॉल येण्याआधी जास्त वेळा मान वळवणारे खेळाडू पुढच्या दिशेने जास्त यशस्वी पास देतात असं त्यांना आढळलं. मी मोजतो ती गोष्ट त्याच धाटणीची आहे, फक्त मुलांसाठी साधी केलेली.

माझा नियम असा: बॉल पायाला लागण्याआधीच्या तीन सेकंदांत चेहरा बॉलपासून स्पष्टपणे दुसरीकडे वळला तर ‘पाहिलं’. फक्त डोळे फिरले तर ते व्हिडिओत दिसत नाही, म्हणून धरत नाही. चेंडूच्या मागे मान आपोआप वळली तर तेही नाही.

कॅमेरा म्हणजे ट्रायपॉडवरचा फोन, हाफलाइनच्या समोर, मिळेल तेवढ्या उंचीवर. गॅलरी असली तर उत्तम, नाहीतर शेजारच्या इमारतीचा जिना. जमिनीवरून घेतलेल्या व्हिडिओत मुलं एकमेकांच्या आड जातात आणि दोघांमधलं अंतर कळत नाही, म्हणून उंची लागते. तरीही ग्राउंडच्या पलीकडच्या टचलाइनवरच्या मुलाची मान कधी कधी ओळखू येत नाही. हिवाळ्यात सकाळच्या मॅचला सूर्य समोर आला तर आणखी त्रास. असा प्रसंग यादीत ‘दिसत नाही’ म्हणून लिहिलेला असतो आणि मोजणीतून पूर्ण बाहेर ठेवतो. तो ‘पाहिलं नाही’ मध्ये टाकला तर पलीकडच्या बाजूला खेळणाऱ्या मुलावर विनाकारण अन्याय होतो.

प्रत्येक मॅच मी एकदा मोजतो आणि सहायक कोच स्वतंत्रपणे एकदा. आमचं जिथे जुळत नाही ते प्रसंग आम्ही एकत्र बसून, व्हिडिओ हळू करून पाहतो. एकमत झालं नाही तर तेही ‘दिसत नाही’.

४. आकडे वाचायचे कसे? एखादं उदाहरण देऊन सांगाल का?

खालचं उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, कुठल्या एका मुलाचं नाही. मिडफिल्डमध्ये खेळणारा ८ नंबरचा मुलगा धरू. सुरुवातीच्या तीन मॅचमध्ये, जवळ समोरच्या टीमचा खेळाडू असताना, त्याला २४ वेळा बॉल मिळाला. त्यातल्या ६ वेळा त्याने आधी पाहिलं होतं. एकूण ९ वेळा बॉल आपल्या टीमकडे राहिला. शेवटच्या तीन मॅचमध्ये २७ वेळा बॉल मिळाला, १६ वेळा आधी पाहिलं आणि १७ वेळा बॉल राहिला.

बहुतेक पालक इथेच थांबतात: ६ चे १६ झाले, छान. पण पत्रातली खरी ओळ त्याच्या पुढची आहे. सुरुवातीला ज्या ६ वेळा त्याने पाहिलं, त्यातल्या ४ वेळा बॉल टिकला. न पाहता घेतलेल्या १८ पैकी फक्त ५ वेळा टिकला. शेवटी पाहून घेतलेल्या १६ पैकी १३ वेळा टिकला आणि न पाहता घेतलेल्या ११ पैकी ४ वेळा. म्हणजे ऑक्टोबरमध्येही हा मुलगा पाहून घ्यायचा तेव्हा बॉल बऱ्यापैकी सांभाळायचा. न पाहता घेतलेला बॉल आजही त्याच्याकडून बहुतेक वेळा जातो. त्याच्या पायांपेक्षा जास्त बदल त्याच्या सवयीत झाला आहे. म्हणून पुढच्या हंगामात त्याला जास्त ड्रिब्लिंग शिकवण्यापेक्षा उरलेल्या ११ प्रसंगांवर काम करणं योग्य.

यात एक मेख आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे आकडे देणं बरोबर नाही. मुलाला मोकळा वेळ मिळतो तेव्हा तो पाहतोही आणि बॉलही टिकतो, म्हणजे दोन्ही गोष्टी वेळ मिळाल्यामुळे झालेल्या असू शकतात. म्हणून क्लिपच्या जोडीत समोरचा खेळाडू दोन्ही वेळा साधारण तितक्याच अंतरावर असेल असेच प्रसंग मी घेतो.

अशी एक जोडी कशी दिसते ते सांगतो. पहिल्या क्लिपमध्ये सेंटर बॅककडे बॉल आहे आणि आपला ८ नंबर मधोमध, स्वतःच्या गोलकडे तोंड करून उभा आहे. पास सुटतो, येतो, आणि या सगळ्या वेळात त्याची नजर बॉलवरून हलत नाही. तो बॉल तळव्याखाली थांबवतो. मागून येणारा मुलगा त्याला अंगाला अंग लागल्यावरच कळतो आणि बॉल जातो. दुसऱ्या क्लिपमध्ये सेंटर बॅक बॉल पुढे ढकलतो तेव्हा ८ नंबरची मान एकदा डावीकडे जाते, पास निघाल्यावर पुन्हा एकदा. मागचा मुलगा उजव्या खांद्याकडून येतोय. हा अंग आडवं करतो, बॉल स्वतःसमोरून पुढे जाऊ देतो आणि लांबच्या, म्हणजे डाव्या पायाने घेतो. पहिल्याच टचला त्याचं तोंड राइट विंगरकडे झालेलं असतं. दोन्ही क्लिप दहा-बारा सेकंदांच्या आहेत. आवाज बंद करून पाहा, टचलाइनवरच्या आरडाओरड्यात लक्ष भरकटतं.

५. तीन-तीन मॅचवरून एवढं ठामपणे कसं सांगता?

सगळ्यांबद्दल ठामपणे सांगत नाही. एका मॅचमध्ये आठ-दहाच प्रसंग असतात, त्यामुळे एक-दोन इकडचे तिकडे झाले की टक्केवारी उड्या मारते. म्हणून पत्रात टक्के लिहीत नाही, ‘इतक्यांपैकी इतके’ असंच लिहितो.

फरक खरा मानण्याआधी मी तिन्ही मॅच वेगवेगळ्या पाहतो. वरच्या उदाहरणात सुरुवातीला आठ प्रसंगांपैकी १, ३ आणि २ वेळा पाहिलं होतं. शेवटी ८ पैकी ५, १० पैकी ६ आणि ९ पैकी ५. शेवटची सगळ्यात वाईट मॅचसुद्धा सुरुवातीच्या सगळ्यात चांगल्या मॅचपेक्षा वरचढ आहे. असं असेल तर मी ‘बदल झाला’ लिहितो. आकडे एकमेकांत मिसळत असतील तर ‘या हंगामात सांगता येत नाही’ असं लिहितो. काही पालकांना या ओळीने वाईट वाटतं, पण मुलाबद्दल ओढूनताणून काढलेला निष्कर्ष त्याहून वाईट.

६. हंगाम जुलैपासून सुरू होतो, मग सुरुवातीच्या मॅच ऑक्टोबरपासूनच्या का?

आपल्या पावसामुळे. जुलै-ऑगस्टमध्ये, शालेय स्पर्धांच्या दिवसांत, काळ्या मातीचं ग्राउंड चिखल होतं. पास अर्ध्यात थांबतो, मुलं बॉलची वाट पाहत उभी राहतात आणि मागचा खेळाडू आरामात येऊन पोचतो. फेब्रुवारीत तेच ग्राउंड दगडासारखं कडक असतं, बॉल पळतो आणि उसळतो. चिखलातला टच आणि कोरड्या ग्राउंडवरचा टच यांची तुलना केली तर प्रत्येक मूल सुधारलेलं दिसेल. ते खरं कौतुक नव्हे. म्हणून कोरड्या ग्राउंडवरच्या मॅचच एकमेकांसमोर ठेवतो: ऑक्टोबर-नोव्हेंबर विरुद्ध फेब्रुवारी-मार्च.

समोरची टीम बदलते, तेवढा फरक मात्र राहतोच. शक्य असेल तेव्हा ज्या टीमशी दोनदा खेळलो त्या मॅच निवडतो. तसं जमलं नसेल तर पत्रात नोंद असते.

७. क्लिप तुम्हीच निवडता. मग चांगल्या तेवढ्याच दाखवल्या नाहीत कशावरून?

रास्त शंका. आकडे सगळ्या प्रसंगांचे असतात, क्लिप मात्र निवडलेल्या असतात, हा फरक लक्षात ठेवा. सहा क्लिपमध्ये दोन जोड्या सुधारणेच्या असतात आणि तिसरी जोडी अजून न जमलेल्या गोष्टीची. ती तिसरी जोडी मी मुद्दाम ठेवतो. यादीतल्या वेळांवर जाऊन उरलेले प्रसंग तुम्ही पाहू शकता आणि काही पालक खरंच पाहतात.

८. माझ्या मुलाचा खेळ खाली गेलेला दिसतोय. तो तर रोज प्रॅक्टिसला येतो. काय चुकलं?

आधी कुठला आकडा खाली गेला ते बघा. पत्रात तीन गोष्टी वेगळ्या लिहिल्या आहेत: पाहिलं का, निर्णय योग्य होता का, आणि टच कसा होता. पाहणं आणि निर्णय तसेच राहून फक्त टच बिघडला असेल तर पहिला संशय उंचीवर घ्या. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी आणि मुलांची तेरा-चौदाव्या वर्षी सगळ्यात वेगाने वाढते, मागेपुढे वर्षभराचा फरक सहज असतो. पाय लांब होतात आणि काही महिने मुलाचा अंदाज चुकतो. व्हिडिओत हे ओळखता येतं: मान वळते, अंग बरोबर फिरतं, पाय योग्य जागी जातो पण किंचित उशिरा पोचतो आणि बॉल हातभर लांब उडतो. अशा मुलाच्या पत्रात मी ‘थांबू या’ असं स्पष्ट लिहितो. घरी भिंतीवर महिन्यातून एकदा उंचीची खूण केलीत तर मला फार मदत होते.

याच काळात गुडघ्याच्या खाली, पुढच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखत असेल तर मला लगेच सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. ऑसगुड-श्लॅटर नावाचा हा त्रास वाढत्या वयातल्या, खूप धावणाऱ्या मुलांमध्ये नेहमी दिसतो. दुखणं क्लिपमध्ये दिसत नाही, मूल फक्त आळशी दिसतं.

पाहणंच कमी झालं असेल तर कारण वेगळं असतं, बहुतेक वेळा पोझिशन. त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

९. तिला मध्येच मिडफिल्डमधून राइट बॅकला आणलं. मग तुलना कशी होणार?

सरळ होत नाही. मिडफिल्डमध्ये धोका चारी बाजूंनी असतो. राइट बॅकच्या पाठीशी टचलाइन असते, त्यामुळे तिला कमी वेळा पाहूनही चालतं. अशा वेळी एकाच पोझिशनवरचे प्रसंग एकमेकांसमोर ठेवतो. तेवढे मिळाले नाहीत तर आकड्यांऐवजी फक्त क्लिप पाठवतो. बेंचवरून येऊन थोडा वेळ खेळणाऱ्या मुलांचंही तसंच. मोजलेल्या तीन मॅच मिळून दहापेक्षा कमी प्रसंग असतील तर मी आकडा लिहीत नाही. त्या मुलांचे प्रॅक्टिसमधले चार-विरुद्ध-चारचे सामने वेगळे रेकॉर्ड करतो, कारण तिथे प्रत्येकाला बॉल भरपूर मिळतो.

१०. गोलकीपरचं काय?

त्याच्या पत्रात वेगळी गोष्ट असते: आपली टीम बॉल घेऊन पुढे गेलेली असताना तो गोललाइनपासून किती पुढे उभा होता आणि बॉल हातात आल्यावर त्याने कोणाला दिला. किती गोल खाल्ले ते मोजत नाही. ते बहुतांशी त्याच्या पुढच्या खेळाडूंवर अवलंबून असतं.

११. टीममधल्या बाकीच्यांच्या मानाने आमचा कुठे आहे, एवढं तरी सांगा.

नाही सांगणार, आणि त्याला कारण आहे. वयोगटाची कट-ऑफ १ जानेवारी असते. त्यामुळे एकाच टीममध्ये जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल असतं, जवळजवळ एका वर्षाचं अंतर. बाराव्या वर्षी हे अंतर उंचीत, वेगात आणि ताकदीत सरळ दिसतं. जगभरच्या अकादम्यांमध्ये तिथल्या कट-ऑफनंतर लगेचच्या महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात, ती यामुळेच. डिसेंबरच्या मुलाला जानेवारीच्या मुलाशेजारी उभं केलं तर मी त्याचा खेळ न मोजता त्याचा वाढदिवस मोजीन. पत्रात तुमच्या मुलाची तुलना ऑक्टोबरमधल्या तुमच्याच मुलाशी आहे.

१२. क्लिप मुलाला दाखवायच्या का? कशा?

जरूर दाखवा, पण मॅचच्या दिवशी नको. आधी त्यालाच निवडू द्या कुठली पाहायची. क्लिप सुरू केलीत की बॉल पायाशी येण्याच्या क्षणाआधी थांबवा आणि एकच प्रश्न विचारा: “आत्ता तुझ्या मागे कोण होतं?” त्याला आठवत असेल तर तो सांगेल, नसेल तर स्क्रीनवर पाहील. पुढे काय करायला हवं होतं ते त्याला बोलू द्या. दोन क्लिप, दहा मिनिटं, पुरे.

बाबांनी रिमोट हातात घेऊन “बघ, इथे पास द्यायला हवा होता” सुरू केलं की मूल पुढच्या मॅचला बॉलपेक्षा टचलाइनकडे जास्त पाहतं. ते मला व्हिडिओत दिसतं. ही मान वळवणं मी मोजत नाही, पण वाईट वाटतं.

१३. क्लिप फॅमिली ग्रुपवर, स्टेटसला किंवा रीलमध्ये टाकली तर चालेल का?

नको. क्लिपमध्ये तुमच्या मुलाबरोबर आणखी दहा-पंधरा मुलं असतात, त्यातली निम्मी समोरच्या टीमची. जर्सीवर शाळेचं किंवा क्लबचं नाव आणि मागे ओळखू येणारं ग्राउंड असतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक धरलं आहे आणि तिचा डेटा हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. मी संमती घेतली आहे ती पत्रासाठी, प्रसारासाठी नाही.

म्हणून गूगल ड्राइव्हवरचं फोल्डर `Restricted` ठेवलेलं आहे आणि फक्त तुमच्या ईमेलवर उघडतं. लिंक दुसऱ्याला पाठवली तर त्याला ती उघडणार नाही, तेव्हा ‘लिंक चालत नाही’ असा मेसेज करण्याआधी कुठल्या ईमेलने लॉगिन आहात ते पाहा. आजी-आजोबांना घरी, तुमच्याच फोनवर दाखवा.

१४. आम्हाला मुलीचं चित्रीकरण नकोच असेल तर?

मग तिचं पत्र व्हिडिओशिवाय येईल, मी ग्राउंडवर लिहिलेल्या नोंदींवरून. पूर्ण मॅचच्या फ्रेममध्ये ती येऊ नये असं वाटत असेल तर हंगामाआधी सांगा. त्या मॅचचा व्हिडिओ आम्ही इतर पालकांना देत नाही, त्यातला तिचा भाग नसलेल्याच क्लिप कापून देतो. यामुळे तिच्या खेळण्याच्या वेळेत काहीही फरक पडत नाही. हंगामाच्या मध्येच विचार बदलला तरी हरकत नाही, आधीचे व्हिडिओ काढून टाकतो.

१५. ट्रायलला जाताना हे पत्र आणि क्लिप दाखवू का?

उपयोग कमी आहे. ट्रायल घेणारे समोर खेळणारं मूल पाहतात. कोणी व्हिडिओ मागितलाच तर त्यांना सलग एक हाफ हवा असतो, म्हणजे बॉल नसताना मूल काय करतं ते दिसतं. तसा हाफ मी वेगळा देईन, पण त्यासाठी समोरच्या टीमला विचारावं लागतं, म्हणून दोन आठवडे आधी सांगा. पत्रातली तिसरी जोडी, अजून न जमलेल्या गोष्टीची, ही तुमच्या आणि माझ्या कामाची आहे. ती बाहेर देऊ नका.

१६. मी घरी यादी घेऊन मोजलं. माझा आकडा तुमच्याशी जुळत नाही.

तीन जागा आधी तपासा. एक, ‘दिसत नाही’ चे प्रसंग तुम्ही धरलेत का. दोन, थ्रो-इन, फ्री किक किंवा कॉर्नरवरून थेट मिळालेला बॉल धरलात का. मी तो सोडतो, कारण खेळ थांबलेला असताना पाहायला सगळ्यांनाच वेळ असतो. तीन, जवळ कोणी नसताना मिळालेला बॉल. समोरचा खेळाडू साधारण पाच पावलांच्या आत असेल तरच प्रसंग मोजतो.

एवढं करूनही फरक उरला तर मॅच आणि मिनिट लिहून पाठवा, ‘एकूण आकडा चुकलाय’ असं नको. तो प्रसंग मी आणि सहायक कोच पुन्हा पाहतो, तुमचं बरोबर असेल तर यादी आणि पत्र दोन्ही दुरुस्त करून नवीन प्रत पाठवतो. अशा दुरुस्त्या एप्रिलअखेरपर्यंत घेतो. मे महिन्यात पूर्ण मॅचचे व्हिडिओ काढून टाकतो, त्यानंतर फक्त तुमच्या मुलाच्या सहा क्लिप आणि यादी उरते.